आईंच्या खुब्याच्या ऑपरेशनचं एस्टिमेट: आकडे कसे आले, कुठे वाढू शकतात

दादा, ताई, नमस्कार.

सकाळी काउंटरवर घाईत बोलणं झालं, म्हणून सगळं लिहून देतो. आईंचं वय ७२, डाव्या खुब्याचं हाड मोडलंय, गोळा बदलायचा आहे. दोन खाटांच्या खोलीत पाच दिवस आणि ऑपरेशननंतरची एक रात्र आयसीयूत, असं धरून एस्टिमेट २,०५,००० रुपये होतं. हा अंदाज आहे, ठरलेलं पॅकेज नाही.

खोली ३,२०० प्रमाणे पाच दिवस: १६,०००. आयसीयू: ९,५००. नर्सिंग व निवासी डॉक्टर: ४,५००. सर्जन आणि फिजिशियनच्या भेटी, रोजचे १,५०० धरून सहा दिवस: ९,०००. सर्जन ४५,०००, भूल १५,०००, ओटी १८,०००. कृत्रिम गोळा आणि हाडाचं सिमेंट: ४५,०००. औषधं व साहित्य: २८,०००. रक्त तपासण्या, एक्स-रे, टूडी इको: १२,०००. फिजिओथेरपी २,४००, नोंदणी ६००. वॉकर यात नाही, तो बाहेरून घेतलात तरी चालेल.

आता वाढीचं. सगळ्यात जास्त शक्यता ऑपरेशन लांबण्याची आहे. अँजिओप्लास्टीनंतर आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. कमरेत भूल द्यायची तर ती बंद करून काही दिवस थांबावं लागू शकतं. पूर्ण भूल दिली तर लवकर करता येतं, पण हृदयावरचा ताण बघावा लागतो. हा निर्णय भूलतज्ज्ञ इको बघून आज संध्याकाळी घेतील. थांबावं लागलं तर प्रत्येक दिवसाचे साधारण ७,५०० वाढतील.

दुसरं, सोडियम. कालच्या रिपोर्टमध्ये ते १२६ आहे. या वयात ऑपरेशननंतर ते आणखी उतरलं, तर माणूस गोंधळतो, रात्री उठायला बघतो, मग आयसीयूतला मुक्काम वाढतो. तिथला एक जादा दिवस औषधं-तपासण्या धरून १८ ते २० हजारांना पडतो. हिमोग्लोबिन ९.२ आहे, रक्त लागेलच असं नाही. लागलं तर एका पिशवीचे तपासणीसह अंदाजे २,५००.

हाड फार ठिसूळ निघालं तर लांब दांड्याचा गोळा किंवा तारा लागतात. त्याचे २० ते ३० हजार वाढतात आणि ते ऑपरेशन टेबलावरच कळतं. अशा वेळी सर्जन बाहेर निरोप पाठवतील, म्हणून तुमच्यापैकी एकजण ओटीबाहेर थांबा. जे बसवलं त्याचे स्टिकर फाइलला लावलेले असतात. बिलाशी जुळवून बघा.

विम्याचं नीट वाचा, इथेच लोक फसतात. तुमची पॉलिसी ३ लाखांची, खोलीची मर्यादा रोज ३,०००. आपली खोली ३,२००. वाटतं, पाच दिवसांचे १,००० खिशातून जातील. तसं नसतं. तुमच्या पॉलिसीतल्या अटीनुसार त्याच प्रमाणात, म्हणजे सव्वासहा टक्के, खोली, नर्सिंग, भेटी, सर्जन, भूल आणि ओटी या सगळ्यांतून कापले जातात. १,०७,५०० वर ते सुमारे ६,७०० होतात. औषधं, गोळा आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. चार खाटांचा वॉर्ड १,८०० चा आहे, तिथे कपातच नाही आणि नर्सिंग तेच. मी तुमच्या जागी तोच घेतला असता. स्वतंत्र खोली ५,५०० ची. ती घेतलीत तर सर्जनपासून सगळे दर वरच्या श्रेणीचे लागतात, खोलीवर ५ टक्के जीएसटी येतो आणि अंदाज २,६०,००० वर जातो.

ग्लोव्ह्ज, डायपर, नोंदणी यांसारख्या गोष्टी विमा देत नाही, त्याचे ८ ते १० हजार धरा. विमा कंपनीच्या वतीने बिलं मंजूर करणाऱ्या टीपीएची पहिली मंजुरी बिलाएवढी नसते, फरक डिपॉझिटमधून वळता होतो. डिपॉझिट आज ४०,०००. रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त आम्हाला घेता येत नाही, मोठी रक्कम कार्डाने किंवा ऑनलाइन द्या.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आमच्याकडे नाही. त्यातून करायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात हे ऑपरेशन मिळतं का, ते आजच विचारा. इथे ऑपरेशन झाल्यावर योजना लावता येत नाही. हलवायचं ठरलं तर आतापर्यंतचं बिल भरून रिपोर्ट आणि एक्स-रे सोबत देऊ.

रोज सकाळी अकराला काउंटरवरून चालू बिलाची प्रत घ्या. एस्टिमेटच्या वर २०,००० गेलं की आम्ही स्वतः कळवू. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी न वापरलेली औषधं मेडिकलला परत झाली का, हे सिस्टरना विचारा. परतावा बिलातून वजा झाल्यावरच अंतिम बिल टीपीएकडे जाऊ द्या, कारण नंतर दुरुस्ती करायची तर मंजुरी पुन्हा मागवावी लागते आणि अख्खा दिवस जातो.

आज संध्याकाळी पाचपर्यंत वॉर्ड की दोन खाटांची खोली, तेवढं सांगा. पॉलिसीची प्रत, आईंचं आधार कार्ड आणि अँजिओप्लास्टीची फाइल घेऊन या.

बिलिंग विभाग, तळमजला