विषय: टॉवेलच्या ऑर्डरचा तुमचा निर्णय मिळाला, एक विनंती आहे

नमस्कार कुलकर्णी मॅडम,

पंढरपूर आणि तुळजापूरच्या हॉटेलांसाठी टॉवेलची ऑर्डर या वेळी दुसरीकडे देत असल्याचा तुमचा सोमवारचा मेल मिळाला. सरळ ‘नाही’ कळवलंत, त्याबद्दल खरंच आभार. आमच्या धंद्यात बरेच जण नुसते फोन उचलायचे बंद होतात आणि आम्ही इकडे सूत अडवून बसतो. तुमच्यासाठी बाजूला ठेवलेलं सूत त्याच दिवशी दुसऱ्या कामाला लावता आलं.

निर्णय बदलावा म्हणून हा मेल नाही. नवा रेट पाठवत नाही, या ऑर्डरसाठी पुन्हा फोनही करणार नाही. तुम्ही आमच्याकडून माल का घेतला नाही, एवढंच जाणून घ्यायचं आहे. जमेल तितकं मोकळेपणाने सांगा.

‘रेट जास्त वाटला’ असं कोणी म्हटलं की आम्ही मान डोलावतो आणि विषय संपतो. पुष्कळदा खरं कारण वेगळंच असतं, ते तोंडावर सांगायला अवघड जातं. म्हणून माझ्या मनात काय काय येतंय ते मीच लिहितो.

पहिली शंका वजनाची. आम्ही दिलेला ३० बाय ६० इंची पांढरा टॉवेल ५०० जीएसएमचा होता, म्हणजे एक नग साधारण ५८० ग्रॅमचा. हातात भरीव लागतो, पण वाळायला वेळ घेतो, आणि तुमची लॉन्ड्री किलोवर पैसे घेते असं बोलण्यात आलं होतं. ४५० चा टॉवेल त्याच मापात ५२० ग्रॅमच्या आसपास बसतो. नगामागे साठ ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण वारीच्या दिवसांत रोजच्या गाठोड्यात तो फरक कळत असणार. आडलं ते इथे का?

दुसरी शंका धुण्याची. तुळजापूरला तुमच्या हाउसकीपिंगच्या ताईंनी सॅम्पल हातात घेतल्या घेतल्या बॉर्डरजवळचा एक लूप नखाने ओढून पाहिला, मग टॉवेल उलटा करून शिलाईची कड दोन बोटांत चोळली. बोलल्या काहीच नाहीत. इतक्या वर्षांत टॉवेल असा पाहणारी माणसं मला फार थोडी भेटली, म्हणून त्यांचं मत तुमच्याइतकंच ऐकायचं आहे. गरम पाण्यात ब्लीच घालून धुतल्यावर बॉर्डर आखडली का, लूप निघाले का, पांढरेपणा उतरला का? तुम्ही चार-पाच धुण्या घेऊन पाहणार होतात. तो टॉवेल आता कसा दिसतो याचा साधा मोबाइलवरचा फोटो आला, तरी आमच्या डाईंग मास्तरांचं निम्मं काम होईल.

बाकी डिलिव्हरीची तारीख, उधारीचे दिवस किंवा माझं बोलणं-वागणं यातलं काही खटकलं असेल तर तेही लिहा. माझ्याबद्दल असेल तर आधी लिहा. राग येणार नाही, आणि आला तरी तो माझा मी बघेन.

ज्यांना ऑर्डर दिलीत त्यांचं नाव किंवा रेट मला नको. त्यांचं काय आवडलं, तेवढं सांगितलंत तर पुरे.

आत्ताच विचारण्याचं कारण म्हणजे पुढच्या महिन्यात हॉटेलच्या मालासाठी नवे बीम भरायचे आहेत. बीम एकदा लूमवर चढला की तो संपेपर्यंत ताण्याचं सूत बदलता येत नाही. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर त्याचा खरा उपयोग होईल. तुमच्याकडून आलेली गोष्ट मी आणि आमचे मास्तर यांच्यापलीकडे जाणार नाही.

लांबलचक लिहायची गरज नाही. याच मेलला दोन ओळींत उत्तर द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाका. कारण सांगणं तुमच्या पद्धतीत बसत नसेल तर तेही चालेल, मी पुन्हा विचारणार नाही.

सॅम्पलचे टॉवेल परत पाठवू नका, हाउसकीपिंगमध्येच वापरून टाका.

आपला,
व्यंकटेश
विक्री विभाग, टॉवेल
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर