ऋतूचा डबा: पावसाळी चहाची नोंदणी सुरू

आमच्या शनिवार पेठेतल्या दुकानात एक पाटी आहे: ‘पावसाळी चहा चैत्रात मागू नये. मिळणार नाही.’ लोक पाटीचा फोटो काढतात, हसतात आणि तरीही विचारतात. तेव्हा आधीच सांगतो. ऋतूचा डबा वर्षातून चारदा निघतो, प्रत्येक वेळी नवा, आणि संपला की पुढच्या वर्षी.

यात आडमुठेपणा थोडा आहे, पण कारण झाडाचं आहे. आसामातल्या बागा थंडीत छाटून ठेवतात. मार्चच्या सुमाराला पहिली पालवी येते, आणि मेच्या मध्यापासून जून अखेरपर्यंत दुसरा बहर. या दुसऱ्या बहराच्या चहाला दाट तांबूस रंग आणि भाजलेल्या सातूची आठवण करून देणारी चव असते. मग धो धो पाऊस लागतो, पानं भराभर वाढतात, खुडणी वाढते आणि चव पातळ. वर्षभर एकसारखा लागणारा चहा हवा असेल, तर या सगळ्यांची सरमिसळ करावीच लागते. तसा चहाही आम्ही विकतो, चांगला विकतो. डब्यात मात्र तो घालत नाही.

आता येतोय: आषाढ

पावसाळी डब्यात २५० ग्रॅम आसाम सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, दुसऱ्या बहराचा, दोन आकारांच्या दाण्यांत. बारीक दाणा रंग पटकन सोडतो, जाड दाणा चव टिकवतो. जोडीला गवती चहाची वेगळी पुडी. वेगळी का? एकत्र करून पाहा: दाणे जड, खाली बसतात, पात्या हलक्या, वर येतात. पहिले आठ दिवस नुसता गवताचा काढा आणि महिनाअखेर नुसता चहा. म्हणून पुडी वेगळी, चिमूट तुमची.

गवती चहा सावलीत वाळवलेला आहे. उन्हात तो लवकर वाळतो, पण रंग उडतो आणि वासही. पुडी उघडल्यावर पात्या हिरवट दिसल्या पाहिजेत. पिवळ्या पडलेल्या दिसल्या तर कळवा, बदलून देऊ.

दोन कपांसाठी दीड कप पाणी घ्या आणि गवती चहाची चिमूट गार पाण्यातच टाका. उकळी फुटली की साखर, आणि ठेचलेलं आलं. हल्ली बाजारात मिळतं ते जुनं आलं, चांगलं तिखट; अर्धा इंच पुरे. मग दोन सपाट चमचे पावडर. दोन मिनिटं उकळू द्या, अर्धा कप दूध घाला, एकदा वर येऊ द्या आणि गॅस बंद करून झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं. गवती चहाचा वास वाफेबरोबर निघून जातो, आणि स्वयंपाकघर घमघमलं म्हणून कपात काही येत नाही.

सुंठ आम्ही मुद्दाम घातलेली नाही. सुंठ थंडीची. आषाढात घरोघरी तळण चालू असतं, तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, आणि कुठल्या तरी दुपारी भजी होतातच. त्यांच्याबरोबर ओल्या आल्याचा झणका हवा.

मग दिवाळी

हा डबा कोजागिरीच्या आधी हातात पडतो. दुधाच्या चहात वेलची आणि किंचित जायफळ; केशर नाही, ते मसाला दुधात शोभतं. पण या डब्याची खरी गंमत ५० ग्रॅमच्या छोट्या डबीत आहे: दार्जिलिंगचा दुसरा बहर. शेतकरी ज्यांच्यावर फवारणी करतात, त्या तुडतुड्यांच्या जातीतलेच हिरवे कीटक तिथे कोवळ्या पानांतला रस शोषतात. पान स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातूनच पिकलेल्या द्राक्षासारखा तो मस्कटेल गंध येतो. पीक वाचवायला फवारणी केली तर गंध गेला. हा चहा बिनदुधाचा प्या. चकली संपवून, बेसनाचा लाडू हातात घेऊन प्यालात तर दार्जिलिंगला एवढा मान का, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

थंडीचा डबा उशिरा येतो

संक्रांतीला द्या, असा आग्रह दरवर्षी होतो. जमत नाही. निलगिरीत उंचावरच्या बागांमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या रात्रींनंतर खुडलेला चहा, ज्याला ‘फ्रॉस्ट टी’ म्हणतात, तो या डब्यात असतो. थंडीत पानाची वाढ मंदावते आणि चहा नाजूक, फुलांच्या वासाचा होतो. तो यायला जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडतो. संक्रांत हुकते, पण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालूच असतं. सोबत सुंठ-मिऱ्याचा दुधाचा चहा. त्यात कुणाच्या आजीचा मसाला आहे असा आमचा दावा नाही; सुंठ, मिरी, दालचिनी आणि एक चौथी वस्तू आहे. ती ओळखणाऱ्याला पुढचा डबा टपालखर्चाशिवाय.

उन्हाळा

याबद्दल सगळं आत्ता सांगणार नाही. दार्जिलिंगची पहिली खुडणी फेब्रुवारीअखेर सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. कुठल्या बागेचा चहा घ्यायचा हे चाखल्याशिवाय ठरत नाही. एवढं नक्की, की तो फिकट सोनेरी असेल, त्याला उकळतं पाणी चालणार नाही आणि त्यात दूध घातलंत तर आम्हाला सांगू नका. दुसरी पुडी निलगिरीची असेल, वाळ्याबरोबर. निलगिरी गार केला तरी सहसा गढूळ होत नाही, म्हणून रात्री माठातल्या पाण्यात भिजवून सकाळी गाळायला तोच बरा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास पोहोचेल.

हिशेब

एक डबा ७५० रुपये. चारही एकदम घेतले तर २,७०० रुपये. प्रत्येक डब्यात २५० ग्रॅम दुधाचा चहा आणि ५० ग्रॅमची बिनदुधाची डबी. (अपवाद दोन: पावसाळ्यात डबीऐवजी गवती चहाची पुडी, आणि उन्हाळ्यात दुधाचा चहा नाही, पहिल्या बहराचा ५० आणि निलगिरी-वाळ्याचा २००.) महाराष्ट्र आणि गोव्यात टपालखर्च आमचा, इतर राज्यांत डब्यामागे ८० रुपये. परदेशी पाठवत नाही. पण न्यू जर्सीला मुलाकडे निघालेले आईवडील डबा दुकानातून घेऊन जातात, आणि तसा निरोप आधी दिलात तर जास्तीचं वेष्टन करून ठेवतो.

एखादा डबा नको असेल तर निघायच्या पंधरा दिवस आधी कळवा. पैसे परत, किंवा तो डबा तुमच्या वतीने दुसऱ्याच्या पत्त्यावर. लेक नव्या घरी गेली असेल तर हे फार उपयोगी पडतं, असं गेल्या वर्षीच्या पत्त्यांवरून दिसतंय.

डबा पत्र्याचा आहे, झाकण घट्ट. रिकामा परत आणून दिलात तर पुढच्या डब्यात ४० रुपये वजा. बहुतेक जण आणत नाहीत, त्यात जिरं-मोहरी भरतात. चहाचा वास जिऱ्याला लागतो, पण तो तुमचा प्रश्न.

पावसाळी डब्याची नोंदणी २५ जूनपर्यंत, डबे निघणार ८ जुलैला. जेवढी नोंदणी तेवढाच माल मागवतो, म्हणून २६ तारखेला ‘एकच हवा होता हो’ म्हणून आलात तर पाटी वाचायला मिळेल, आणि एक कप चहा, उभ्याने.