विषय: सीनियर क्वालिटीच्या जागेबद्दल – इच्छुक आहे, पण आधी काम, पगार आणि ठिकाण कळावं

नमस्कार प्राजक्ता मॅडम,

मंगळवारी दुपारी लिंक्डइनवर तुमचा मेसेज आला. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे संध्याकाळी पाहिलं, तोवर तुमचे दोन मिस्ड कॉलही येऊन गेले होते. फोनवर घाईघाईत अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून हा मेल. तुम्ही मराठीत लिहिलंत, बरं वाटलं. म्हणून मीही मराठीतच लिहितोय.

मला या जागेत रस आहे, हे आधीच सांगतो. हिंगणा एमआयडीसीत एका मशिनिंग कंपनीत मी सात वर्षं क्वालिटीत आहे, त्याआधी दोन वर्षं बुटीबोरीला होतो. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट आणि हाउसिंग आम्ही करतो. नवीन पार्टचं पीपॅप, सीएमएमवरची मोजणी, एसपीसी, ग्राहकाच्या तक्रारीचा एट-डी रिपोर्ट, आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटची तयारी, ही माझी रोजची कामं. नोकरी वाईट नाही. पण माझ्यावरची जागा भरलेली आहे आणि ती पुढची पाच-सहा वर्षं तरी रिकामी होईल असं दिसत नाही. म्हणून चांगलं काही आलं तर बघायचं, असं मनात होतंच.

आता तुमच्या मेसेजबद्दल. त्यात ‘नामांकित एमएनसी, ऑटो कंपोनंट्स, सीनियर क्वालिटी, नागपूर / पॅन इंडिया, बेस्ट इन इंडस्ट्री पगार, अर्जंट’ एवढं आहे. खाली लगेच अपडेटेड सीव्ही, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पीरियड मागितलाय. म्हणजे माझ्याकडून चार नक्की गोष्टी हव्यात आणि तुमच्याकडून अजून एकही नक्की आलेली नाही. रागावू नका, तुम्हालाही क्लायंटनं एवढंच दिलं असेल. पण पुढं जायच्या आधी मला तीन गोष्टी कळायलाच हव्यात.

पहिली म्हणजे काम नेमकं काय. ‘सीनियर क्वालिटी’ या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळ्या नोकऱ्या बसतात. लाइनवरची इन-प्रोसेस क्वालिटी असेल तर शिफ्ट, ऑपरेटर, रिजेक्शनचा आकडा आणि सकाळची मीटिंग. सप्लायर क्वालिटी असेल तर महिन्यातले दहा-बारा दिवस लोकांच्या कारखान्यांत. आणि कस्टमर क्वालिटी असेल तर रात्री साडेअकराला फोन येतो की तुमच्या पार्टमुळे आमची लाइन थांबली, सकाळपर्यंत माणूस पाठवा. गेल्या पावसाळ्यात मी असाच गेलोय. एका भोकाच्या कडेला राहिलेला धातूचा बर, नखानं खरवडला तर निघेल एवढा, आणि त्यासाठी ग्राहकाच्या गोदामात दोन रात्री बसून बाराशे पार्ट एकेक करून तपासले. त्या कामाला माझी ना नाही. फक्त ते गळ्यात पडायच्या आधी माहीत असावं.

तेव्हा क्लायंटकडून लेखी जेडी मिळाला तर पाठवा. नसेल तर एवढं तरी विचारा: ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर तो माणूस तिथं किती दिवस टिकला? वर रिपोर्टिंग कुणाकडे, प्लांट हेडकडे की प्रॉडक्शन मॅनेजरकडे? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय. क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शनच्या हाताखाली असला की महिनाअखेरीला माल ‘डेव्हिएशन’वर सुटतो आणि खाली सही त्याची असते. हाताखाली माणसं किती, जनरल शिफ्ट की फिरती, आणि नेमणूक कंपनीच्या पे-रोलवर की कुठल्या थर्ड पार्टीच्या, हेही कळू द्या. थर्ड पार्टी असेल तर मात्र आत्ताच नाही म्हणतो.

दुसरी गोष्ट पगार. ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ आजवर आलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये वाचलंय. मला आकडा हवा, म्हणजे या जागेसाठी क्लायंटनं कितीपासून कितीपर्यंत मंजूर केलंय तो. आणि तो नुसता सीटीसी नको, फोडून हवा.

याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून ९ लाख ६० हजारांची ऑफर आली होती. घरी आम्ही महिन्याला ८० हजार धरून हिशेबही मांडायला लागलो. मग कागद उघडला. त्यात ९६ हजार व्हेरिएबल, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी साडेअठरा हजारांच्या आसपास, मेडिक्लेमचा हप्ता १२ हजार, आणि बस-कँटीनचे ३० हजार. हे सगळं वजा करून, माझ्या वाट्याचा पीएफ आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स काढून, इन्कम टॅक्स कापायच्या आधीच महिन्याला ६३ हजार उरत होते. जेवणाच्या थाळीचे पैसे माझ्याच पगारात धरलेले, हे मला तिथं कळलं. ती नोकरी मी घेतली नाही.

म्हणून फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि मागच्या वर्षी लोकांना व्हेरिएबलमधलं प्रत्यक्षात किती मिळालं, हे विचारून सांगाल का? पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात की महिना १,८०० वर थांबवतात, हेही हवंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन वेतन संहिता लागू झाली आणि भत्ते वगैरे निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कमही पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी वेतनातच धरायची असं ठरलं. त्यामुळे क्लायंटचं जुनं सॅलरी स्ट्रक्चर बदललंय की नाही, हे पाहिल्याशिवाय हातात किती पडेल याचा अंदाज बांधता येत नाही.

माझा सध्याचा सीटीसी मी आज लिहीत नाही, त्याबद्दल क्षमस्व. मागे दोनदा सांगून पाहिला. दोन्ही वेळा ऑफर म्हणजे त्याच आकड्यावर वीस-पंचवीस टक्के चढवलेले, काम काहीही असो. हिंगण्यातल्या छोट्या कंपनीतला माझा पगार हा तुमच्या क्लायंटच्या जागेचा भाव असू शकत नाही ना. तुमची रेंज कळली की ती मला जमते की नाही हे त्याच दिवशी सांगेन, आणि गाडी पुढे सरकली तर सॅलरी स्लिपही दाखवेन. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिसरी गोष्ट ठिकाण, आणि आमच्या घरी सगळ्यात जास्त चर्चा हिचीच होणार आहे. ‘नागपूर’ म्हणजे कुठं? मी जयताळ्याला राहतो. हिंगण्याचा प्लांट असेल तर दुपारचा डबा घरून गरम येईल. मिहान असेल तर रोज अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, तोही चालेल. बुटीबोरी असेल तर कंपनीची बस आहे का आणि ती आमच्या बाजूला येते का, हे आधी सांगा. मेट्रो आज खापरीला संपते. पुढचा वर्धा रोड मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, दुचाकीवर दोन वर्षं केलाय मी. तेव्हा लग्न व्हायचं होतं.

‘पॅन इंडिया’ हा शब्द मात्र खटकला. मागे एकदा ‘लोकेशन नागपूर’ म्हणून तीन राउंड झाले, एचआरशी पगाराचं बोलणंही झालं, आणि चौथ्या फोनवर कळलं की नागपूरचा प्लांट ‘अजून प्रपोज्ड आहे, तोवर चाकण’. बायको हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदली मागून मिळत नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलगी लहान आहे, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. त्यामुळे कायमचं नागपूर सोडणं आज शक्य नाही. ट्रेनिंगसाठी तीन-चार महिने पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला राहायला तयार आहे. संभाजीनगर तर समृद्धीनं पाच-सहा तासांवर आलंय, शनिवारी रात्री घरी येता येईल. पण हे ट्रेनिंग आहे आणि किती महिन्यांचं आहे, ते ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं हवं.

एक विनंती आहे, ती मात्र गंभीरपणे घ्या. या मेलसोबत मी सीव्ही जोडलेला नाही. कंपनीचं नाव कळलं आणि मी लेखी हो म्हटलं की तासाभरात पाठवतो. त्याआधी माझं नाव किंवा लिंक्डइनची माहितीही क्लायंटकडे जाऊ देऊ नका. नागपूरची इंडस्ट्री फार लहान आहे. हिंगण्यातल्या चहाच्या टपरीवर सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत बुटीबोरीला पोचलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी एका कन्सल्टंटनं न विचारता माझा सीव्ही फिरवला आणि चौथ्या दिवशी आमच्याच स्टोअरचा माणूस गेटवर हसत विचारतो, ‘काऊन भाऊ, नवी जागा पाह्यली म्हणे?’ त्या वर्षीचं इन्क्रिमेंट कसं झालं असेल, तुम्हीच ओळखा. शिवाय एकाच उमेदवाराचा सीव्ही दोघांकडून गेला की कन्सल्टंटांमध्ये भांडण लागतं आणि उमेदवार बाजूला राहतो. आधार, पॅन वगैरे ऑफर हातात आल्यावरच देईन.

नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे, बाय-आउट आमच्याकडे करत नाहीत. एका नव्या हाउसिंगचं पीपॅप माझ्याकडे चालू आहे. ते ग्राहकाकडून मंजूर करून घेऊनच निघेन, अर्धवट टाकून जाणार नाही. क्लायंटला पंधरा दिवसांत माणूस हवा असेल तर तो मी नाही, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

उत्तर याच मेलवर द्या. सगळी माहिती एकदम मिळाली नाही तरी चालेल. ठिकाण आणि पगाराची रेंज या दोन गोष्टी आधी कळवल्यात तरी पुढचं बोलता येईल. फोन करायचा झाला तर संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दिवसभर केव्हाही. दुपारी केलात तर लॉकरच उचलेल.

आणि ही जागा माझ्यासाठी नसेल असं तुम्हालाच वाटलं, तर तसं एका ओळीत कळवा. आमच्याकडून मागच्या वर्षी बाहेर पडलेले दोघं चांगले आहेत आणि दोघांनाही पुण्याला जायची तयारी आहे. त्यांना विचारून त्यांचे नंबर देईन.

कळावे,
आपला,
अमोल
जयताळा, नागपूर