चौदा आणे आंबा : निरोप समारंभातील मनोगत

आदरणीय प्राचार्य, गुरुजनवर्ग आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थिमित्रांनो,

याच महाविद्यालयातून मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलो आणि आज रत्नागिरीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित बागेत हापूसचे उत्पादन घेतो. माझ्या यशाविषयी बोलावे अशी आपल्या प्राध्यापकांची अपेक्षा असावी. परंतु निरोपाच्या दिवशी तुमच्या हाती काही उपयोगाचे द्यायचे असेल, तर मला माझ्या पहिल्या हंगामाविषयी बोलले पाहिजे.

पदवीनंतर मी ठरवले की आंबा दलालाकडे न पाठवता थेट पुण्यातील ग्राहकांना विकायचा. ओळखीतून आगाऊ मागणी मिळाली आणि लोकांनी विश्वासाने पैसेही दिले. फळ जितके मोठे होईल तितका भाव अधिक मिळेल, या विचाराने मी तोडणी पुढे ढकलली. आमच्याकडे कित्येक वर्षे आंबा उतरवणारे एक वयस्कर गडी होते. त्यांनी मला दोनदा बजावले, ‘‘दादा, आंबा चौदा आणे झालाय, आता उतरवूया. आणि उन्हं चढायच्या आत उतरवूया.’’ मी ऐकले नाही. मजूर उशिरा आले, तोडणी भर दुपारपर्यंत चालली आणि उतरवलेली फळे तापलेल्या कातळावर तशीच पडून राहिली.

पेट्या पुण्यात पोहोचल्या, आढीत फळ पिकले, रंग सुरेख आला, सुवास घरभर पसरला. आणि कापल्यावर अनेक फळांत साका निघाला. कोकणातल्या मुलांना साका समजावून सांगायला नको. गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट होतो आणि बाहेरून त्याची काहीही खूण दिसत नाही. फोनवर फोन आले. एका आजींनी नातवंडांसाठी पेटी घेतली होती; त्या रागावल्या नाहीत, फक्त ‘‘आम्ही तुमच्या भरवशावर घेतली होती’’ एवढेच म्हणाल्या. त्या वाक्याने मला जितके दुखावले तितके पैसे परत करताना झालेल्या नुकसानीने दुखावले नाही.

त्यानंतर जे घडले ते मला आज अधिक महत्त्वाचे वाटते. घरी मी सगळ्यांना सांगत राहिलो की यंदा उष्मा फार होता, हवामानच बिघडले आहे, नशीब नाही. यातले काहीही पूर्णपणे खोटे नव्हते आणि म्हणूनच ते धोकादायक होते, कारण अर्धे खरे असलेले कारण माणसाला पुढचा प्रश्न विचारू देत नाही. शेवटी मी त्याच गड्यांच्या शेजारी बसलो आणि कोणत्या झाडाचे फळ कधी उतरवले, किती वाजता, कुठे ठेवले, हे सारे एका वहीत लिहून काढले. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना ती वही दाखवली. झाडावर गरजेपेक्षा जास्त तयार झालेल्या आणि तोडणीनंतर उन्हाची व जमिनीची उष्णता लागलेल्या फळांत साका वाढतो, ही माहिती तर मी आपल्या वर्गात बसून लिहून घेतलेली होती! उष्मा माझ्या हातात नव्हता. तोडणीचा दिवस, तोडणीची वेळ आणि सावली हे तिन्ही माझ्याच हातात होते.

पुढच्या हंगामापासून आम्ही फळ चौदा आणे तयार होताच, सकाळी किंवा दुपार कलल्यावर, झेल्याने देठासह उतरवू लागलो आणि उतरवताच सावलीत नेऊ लागलो. साका पूर्णपणे गेला असे मी म्हणणार नाही. हापूसमध्ये तसे कोणीही म्हणू शकत नाही. मात्र तो इतका कमी झाला की त्या आजींच्या घरी मी स्वतः पेटी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षाचीही मागणी तिथेच नोंदवली.

तुमच्यापैकी कोणी मुंबईला नोकरीसाठी जाईल, कोणी स्पर्धा परीक्षेला बसेल, कोणी वडिलांच्या होडीवर किंवा बागेत परत जाईल. निकाल मनासारखा लागला नाही, तर आधी रडून घ्या, त्यात कमीपणा नाही. मग वही काढा आणि काय आपल्या हातात होते ते वेगळे लिहा. ते लिहिताना ज्याने आपल्याला आधी बजावले होते, त्या माणसाला शेजारी बसवा. तो पदवीधर नसेलही, तरी त्याचे ऐका. परीक्षेत विषय राहिला तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवून शिक्षकांसमोर ठेवा, मुलाखतीत नाकारले गेलात तर कोणत्या प्रश्नाला अडखळलात ते त्याच संध्याकाळी लिहा. हे काम एकट्याने करवत नाही, म्हणून आज या सभागृहातून निघण्यापूर्वी आपल्या ज्या शिक्षकांकडे पुढेही निःसंकोच जाता येईल असे वाटते, त्यांना भेटून तसे सांगून ठेवा.

माझी ती वही अजून बागेतल्या घरात आहे. ज्यांना बागायतीत उतरायचे आहे त्यांनी मे महिन्यात तोडणीच्या वेळी अवश्य या. सकाळी लवकर या, कारण ऊन चढल्यावर आम्ही काम थांबवतो. अंतिम परीक्षेसाठी तुम्हा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.