डेंग्यूविषयी फिरणाऱ्या संदेशाची दुरुस्त प्रत

सर्व सभासद आणि रहिवाशांस,

'डेंग्यूवर ४८ तासांत रामबाण उपाय, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत' या मथळ्याचा संदेश मंगळवारपासून सोसायटीच्या गटात फिरत आहे. बी विंगमध्ये सध्या तापाचे रुग्ण असल्याने त्यातील मजकूर तपासून, चुकीचा भाग काढून किंवा बदलून, पुढील प्रत तयार केली आहे.

पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट दोन दिवसांत दुप्पट होतात आणि रुग्णालयात जावे लागत नाही, हा मूळ संदेशातील मुख्य दावा आहे. या पानांच्या अर्कावर काही लहान अभ्यास झाले असून, त्यांपैकी काहींत प्लेटलेटची संख्या थोडी लवकर वाढल्याचे आढळले आहे; परंतु त्यामुळे आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक रुग्णांत आजार उतरणीला लागला की प्लेटलेट आपोआपच वाढतात, त्यामुळे त्या सुमारास जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. घरी वाटून काढलेला कडू रस पिऊन उलट्या झाल्या, तर शरीरात टिकायला हवे असलेले पाणीच बाहेर जाते. गर्भवतींनी हा रस घेऊ नये. बकरीचे दूध आणि किवी यांनी डेंग्यू बरा होतो, यालाही आधार नाही. किवी आवडत असेल तर फळ म्हणून जरूर खावे.

'ताप उतरला की धोका संपला' हे मूळ संदेशातील वाक्य सर्वांत घातक आहे आणि ते पूर्णपणे काढून टाकले आहे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान येतो, कारण त्या वेळी काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब घसरतो. म्हणूनच डॉक्टर केवळ प्लेटलेटचा आकडा पाहत नाहीत. रक्त किती घट्ट झाले हे दाखवणारे हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाणही पाहतात. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या एवढ्यावरून त्या चढवण्याची धावपळ करू नये. रक्तस्राव नसेल तर सहसा त्याची गरज नसते आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो. मात्र पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप, हातपाय गार पडणे, अतिशय ग्लानी किंवा अस्वस्थता, अथवा सहा तासांत लघवी न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लहान बाळे, गर्भवती, वृद्ध आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी पहिल्यापासूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे.

डेंग्यूच्या विषाणूवर थेट काम करणारे औषध आज उपचारात नाही आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते, तेव्हा मात्रा नकळत दुप्पट होऊ देऊ नये. अंगदुखी असह्य झाली तरी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जी मंडळी हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेतात त्यांनी ती परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ओआरएस, पेज, ताक, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे देत राहावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असल्यास प्रमाण विचारून घ्यावे.

तपासणीबाबत मूळ संदेशात काहीच नव्हते, म्हणून ती भर घातली आहे. एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी ठरते, त्यानंतर आयजीएम चाचणी केली जाते. सुरुवातीची एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असे समजू नये. एकदा झालेला डेंग्यू पुन्हा होत नाही, हेही खरे नाही. या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि पुढे आधीपेक्षा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते.

'डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून पायांना खोबरेल तेल लावा' या सूचनेतील पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसऱ्यावर विसंबता येत नाही. एडिस डास वरच्या मजल्यांवरही सापडतो आणि मुख्यतः दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावावी. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेले पाणी काढून टाकण्याचा दिवस, पाळला तर ही साखळी तुटते. त्या दिवशी पिंप नुसते रिकामे न करता आतून घासावे, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवर पडलेले टायर हे नेहमी विसरले जाणारे तळ आहेत. आपल्याकडे कोरडा दिवस दर शुक्रवारी असेल.

ज्यांनी जुना संदेश इतर गटांत पाठवला आहे, त्यांनी त्याच गटांत ही प्रत पाठवावी आणि 'दहा जणांना पाठवा' ही ओळ पुन्हा जोडू नये.

व्यवस्थापन समितीच्या वतीने,
सोसायटीतील निवृत्त वैद्यकीय अधिकारी