घराचा निव्वळ मालमत्ता ताळा, 31 मार्च 2025

कुटुंब: येळ्ळूर, तालुका-जिल्हा बेळगाव. उद्यमबागेतील कारखान्यात टर्नर असलेले पती, घरी शिलाईकाम करणारी पत्नी, डिप्लोमाला असलेला मुलगा. सासूबाई याच घरात राहतात, पण त्यांचा जमिनीतला हिस्सा, दागिने आणि खाते त्यांचे स्वतःचे आहे, म्हणून या ताळ्यात धरलेले नाही. आकडे रुपयांत.

असणे

| बाब | 31 मार्च 2024 | 31 मार्च 2025 |
|---|---:|---:|
| घरातील रोख | 9,000 | 14,000 |
| बचत खाती, दोघांची | 51,200 | 68,400 |
| पिग्मी | 18,250 | 36,500 |
| पतसंस्थेतील मुदत ठेव, व्याजासह | 1,50,000 | 1,62,000 |
| पीएफ | 3,46,000 | 4,12,000 |
| विमा पॉलिसीचे सरेंडर मूल्य | 74,000 | 88,000 |
| सोने, निव्वळ 62 ग्रॅम | 3,84,400 | 5,14,600 |
| भिशीत भरलेले | 0 | 40,000 |
| शिलाई यंत्रे | 25,000 | 22,000 |
| शिलाईची येणी | 8,000 | 12,500 |
| राहते घर | 26,00,000 | 26,00,000 |
| भातशेती, 15 गुंठे | 9,00,000 | 9,00,000 |
| दुचाकी | 56,000 | 48,000 |
| एकूण असणे | 46,21,850 | 49,18,000 |

देणे

| बाब | 31 मार्च 2024 | 31 मार्च 2025 |
|---|---:|---:|
| गृहकर्जाची शिल्लक मुद्दल | 8,71,000 | 7,86,000 |
| सोनेतारण कर्ज, व्याजासह | 0 | 1,29,600 |
| सोसायटीचे पीककर्ज | 40,000 | 45,000 |
| महिला गटाचे कर्ज | 30,000 | 18,000 |
| किराणा दुकानाची उधारी | 5,200 | 6,400 |
| दुचाकीचे कर्ज | 14,500 | 0 |
| एकूण देणे | 9,60,700 | 9,85,000 |

निव्वळ मालमत्ता: 2024 साली 36,61,150, 2025 साली 39,33,000. वाढ 2,71,850.

ताळ्याबाहेरची नोंद: नातेवाइकाच्या पतसंस्थेतील कर्जाला पती जामीन आहेत. त्या कर्जाची शिल्लक 1,35,000. आज हे देणे नाही, पण कर्जदार थकला तर वसुली जामीनदाराकडूनही होते. म्हणून ही ओळ दरवर्षी इथेच लिहायची आणि हप्ते वेळेवर जातात की नाही हे मार्चमध्ये विचारून घ्यायचे.

वाढ नेमकी कुठून आली

2,71,850 पाहून वर्ष भरभराटीचे गेले असे वाटेल. त्यातले 1,30,200 फक्त सोन्याच्या भावाचे आहेत. वजन दोन्ही वर्षी 62 ग्रॅमच, गेल्या वर्षी 6,200 भाव धरला, यंदा 8,300. त्यात घराने काही केलेले नाही, आणि भाव उतरला तर ही वाढ तशीच जाईल. उलट दुचाकी आणि यंत्रे झिजून 11,000 कमी झाले. सोन्याचे वजा करून झीज परत मिळवली की 1,52,650 उरतात. वर्षभरात घराने खरोखर बाजूला टाकले ते एवढे. त्यातही पीएफचे 66,000 आपोआप जमा झालेले, पगारातली कपात, कारखान्याचा हिस्सा आणि आधीच्या वर्षाचे उशिरा आलेले व्याज धरून. दरवर्षीच्या ताळ्याखाली हे तीन आकडे लिहायलाच हवेत: एकूण वाढ, भावामुळे झालेली वाढ, बचतीची वाढ. नुसत्या पहिल्या आकड्यावर विसंबून घरे नवे कर्ज काढतात.

दुसरी ओळ घर आणि शेत बाजूला ठेवून. दोन्ही मिळून 35,00,000, त्यांतून घरावरचे कर्ज वजा केले आणि तेवढे एकूण निव्वळातून काढले की उरतात 12,19,000. गेल्या वर्षी हे 10,32,150 होते. राहते घर विकून कुणी पोराची फी भरत नाही, त्यामुळे अडचणीच्या वेळी उपयोगाचा आकडा हाच.

तिसरी तपासणी जवळच्या पैशाची. रोख, बचत, पिग्मी आणि ठेव मिळून 2,80,900. गृहकर्ज सोडून बाकीची देणी वर्षभरात फेडायची आहेत, ती 1,99,000. म्हणजे मोकळे 81,900. गृहकर्जाचा हप्ता 13,100 आहे, तो पगारातून जातो. दोन महिने काम बंद पडले तर हप्त्यालाच 26,200 जातील, आणि घरखर्च वेगळा. निव्वळ मालमत्ता 39 लाखांवर असूनही हात इतका आखडता असतो.

आकडे कसे धरले

गृहकर्ज: वर्षभरात 1,57,200 भरले, पण कर्ज 85,000 नेच उतरले, बाकीचे 72,200 व्याज. सगळ्यात जास्त चूक इथे होते. उरलेले हप्ते गुणिले हप्त्याची रक्कम करून लोक देणे लिहितात, त्यात अजून न लागलेले व्याजही येते आणि कर्ज फुगते. बँकेच्या खातेउताऱ्यावर 31 मार्चची शिल्लक मुद्दल असते, तीच लिहायची.

सोने: वजनकाट्यावर 66 ग्रॅम भरले. मणी, खडे आणि लाखेचे 4 ग्रॅम वजा केले. भाव 22 कॅरटचा, मोडीचा, तोही थोडा खाली धरलेला. घडणावळ आणि जीएसटी मोडताना परत मिळत नाही, म्हणून खरेदीची पावती इथे कामाची नाही. यातले 26 ग्रॅम तारण आहेत. तारण ठेवलेले सोने असण्याच्या बाजूला पूर्ण दाखवायचे आणि कर्ज देण्याच्या बाजूला पूर्ण. दागिना घरात नाही म्हणून तो गाळायचा आणि वर कर्जही लिहायचे, असे केले तर तेच नुकसान दोनदा मोजले जाते. कर्ज 31 जुलै 2024 ला 1,20,000 चे घेतले, व्याज महिना 1 टक्का. आठ महिन्यांचे 9,600 अजून भरलेले नाहीत, पण लागले आहेत, म्हणून देणे 1,29,600.

शेत: वडिलांची स्वकष्टाची जमीन 1 एकर 20 गुंठे, म्हणजे 60 गुंठे. वारसा आई, दोन भाऊ आणि बहीण अशा चौघांच्या नावे लागला आहे, त्यामुळे या घराचा हिस्सा 15 गुंठे. भाव गुंठ्याला 60,000. वहिवाट सगळ्या जमिनीची असली तरी ताळ्यात फक्त हिस्सा येतो. बहिणीने तोंडी सोडला म्हणून तिचा हिस्सा आपला होत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावरच ताळ्यात घ्यायचा. दरवर्षी उतारा काढून 11 नंबरचा रकाना पाहायचा. उतारा कन्नडमध्ये असतो, ‘ऋणगळु’ लिहिलेल्या त्या जागी बोजा चढतो. फेडलेल्या कर्जाचा बोजा तिथे तसाच राहिलेला असतो, आणि तो विक्रीच्या किंवा नव्या कर्जाच्या दिवशीच समजतो.

घर: ग्रामपंचायतीच्या हद्दीतले, ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि 11 निघालेला. त्याच गल्लीत प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारावरून 26,00,000 धरले. हा आकडा तीन वर्षे हलवायचा नाही. सरकारी मार्गसूची दर धरला तरी चालतो, पण एका वर्षी सरकारी आणि दुसऱ्या वर्षी बाजारचा असे केले तर ती तुलनाच राहत नाही.

पीककर्ज: सोसायटीत मार्चअखेर नवे-जुने होते. उसने आणून जुने भरतात, चार दिवसांनी नवे उचलतात. नेमक्या त्या दिवसांत सोसायटीचा दाखला घेतला तर कर्ज शून्य दिसते, मात्र हातउसने देणे उभे असते. ते हातउसने लिहायचे. कर्नाटकात सहकारी सोसायटीचे पीककर्ज ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिनव्याजी असते, ते मुदतीत भरले तरच. तारीख चुकली की व्याज लागते, म्हणून मुदतीची तारीख या ओळीसमोर पेन्सिलीने लिहावी.

भिशी: वीस जणांची, महिना 5,000, ऑगस्ट 2024 पासून. आठ हप्ते भरले, उचलली नाही, म्हणून 40,000 असणे. मार्चमध्येच उचलली असती तर उरलेले बारा हप्ते, म्हणजे 60,000, देण्याच्या बाजूला गेले असते आणि उचललेली रक्कम रोखीत दिसली असती. ही ओळ नेमक्या कुठल्या बाजूला जाते, ते दरवेळी पाहावे लागते.

विमा: पॉलिसीवरची मोठी रक्कम मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावरची. आज मोडली तर मिळेल ते सरेंडर मूल्य, शाखेत विचारून घ्यायचे.

पीएफ: पासबुकात त्या वर्षाचे व्याज उशिरा जमा होते. दोन्ही वर्षी व्याज जमा होण्याआधीचाच आकडा घेतला आहे.

ठेव: बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. रक्कम पूर्ण लिहिली आहे. संस्थेने पैसे द्यायला टाळाटाळ सुरू केली तर त्या वर्षी ती जवळच्या पैशातून काढून टाकायची.

येणी: दोन वर्षांहून जुनी झाली की शून्य. भांडी, टीव्ही, फ्रीज, कपाट धरलेले नाही.

पुढच्या वर्षी

तारीख कायम 31 मार्च. कागद गोळा करायला एप्रिलचे पहिले दोन आठवडे: पासबुके छापून घ्यायची, पिग्मीचे कार्ड, ठेवपावती, गृहकर्जाचा खातेउतारा, तारणाची पावती, सोसायटीचा दाखला, गटाची वही, जमिनीचा उतारा. मोबाईलवर दिसणारी शिल्लक 12 एप्रिलची असते, 31 मार्चची नसते. एकाच कागदावर दोन तारखा आल्या की पगार आणि त्यातून भरलेला हप्ता दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मोजले जातात.

हिशोब वहीत ठेवला तरी हरकत नाही. संगणकावर ठेवला तर स्तंभ B मध्ये 2024, C मध्ये 2025, आणि 2026 साठी D. जुना स्तंभ कधीही खोडायचा नाही. असणे ओळ 2 ते 14, देणे ओळ 17 ते 22 असेल तर निव्वळ आकडा असा:

```
=SUM(C2:C14)-SUM(C17:C22)
```

नवी बाब आली तर मधल्या ओळीत घुसवायची, शेवटी जोडायची नाही. शेवटी जोडलेली ओळ बेरजेत येत नाही आणि ते लक्षातही येत नाही. फिटलेले कर्ज शून्य लिहून ठेवायचे, ओळ काढायची नाही.

दोघांनी मिळून बसून लिहायचे. महिला गटाचे कर्ज पतीला ठाऊक नसते, जामीनकी पत्नीला ठाऊक नसते, आणि एकट्याने केलेल्या ताळ्यात नेमके हेच राहून जाते.

31 मार्च 2026 ला पाहायच्या गोष्टी: भिशीचे वीस हप्ते त्याच महिन्यात संपतात, तिची ओळ शून्य होऊन पैसे कुठे गेले ते दिसले पाहिजे. सोनेतारणाचे व्याज महिना 1,200 ने चढते आहे, तेवढ्यासाठी पिग्मीचे 36,500 आधी तिकडे वळवायचे ठरले आहे. जमिनीच्या उताऱ्याशी दुचाकीसाठी घेतलेल्या कर्जाचा संबंध नाही, पण वाहनाच्या आरसी पुस्तकावर बँकेचे नाव अजून आहे. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन ते आरटीओत कमी करून घ्यायचे आहे.

तयार केले: 13 एप्रिल 2025, येळ्ळूर. दोघांच्या सह्या मूळ प्रतीवर.