रिपोर्टवर 'एच' दिसला? आधी हे वाचा

१
रक्ताचा रिपोर्ट आला. दोन-तीन आकडे ठळक छापलेत आणि जीव धास्तावलाय. शब्दांचा साधा अर्थ पुढे आहे. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे मात्र तुम्हाला तपासणारे डॉक्टरच सांगतील.

२ | 'एच' आणि 'एल'
आकडा नॉर्मल रेंजच्या वर गेला की 'एच', खाली आला की 'एल'. ही रेंज साधारणपणे ९५ टक्के निरोगी लोकांच्या आकड्यांवरून ठरते. म्हणजे ठणठणीत असलेल्या २० जणांतला एखादा तिच्या बाहेर असतोच! लॅब बदलली की रेंजही थोडी बदलते.

३ | हिमोग्लोबिन
तांबड्या पेशींमधून प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. ते कमी असणं म्हणजे ॲनिमिया. खरा प्रश्न त्यापुढचा: कमी का झालं?

इथे एमसीव्ही बघतात, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी पडलं की बहुधा मोठ्या. पण थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही पेशी लहानच दिसतात, आणि तिथे लोह कमी असेलच असं नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

४ | पांढऱ्या पेशी
संसर्गाशी लढतात. संसर्गात बऱ्याचदा वाढतात, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात.

५ | प्लेटलेट
रक्त गोठायला मदत करतात. कधी नळीतच त्यांच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.

६ | एचबीए१सी
मागच्या २–३ महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेहाची शक्यता. ॲनिमिया असेल तर हा आकडा फसवू शकतो.

७ | क्रिएटिनिन
स्नायूंमधून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. पिळदार शरीराच्या तरुणात तो थोडा जास्त असू शकतो. उलट, स्नायू झडलेल्या आजींचा आकडा 'नॉर्मल' दिसूनही किडनीचं काम मंदावलेलं असू शकतं. वय आणि शरीरयष्टी न बघता नुसता आकडा वाचून चालत नाही.

८ | टीएसएच
इथे बरेच जण गोंधळतात. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड बहुधा *सुस्त* आहे. तिला कामाला लावायला मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तो जास्त सोडते.

९ | डॉक्टरांकडे जाताना
जुने रिपोर्ट न्या. चालू असलेली सगळी औषधं सांगा, केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यासुद्धा. त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. रिपोर्ट बघून चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

छातीत दुखणं, धाप लागणं, शुद्ध हरपणं किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.